पूजा तीन, सहा की सात?

आत्याने बाळाच्या कानात ‘पूजा’ हे नाव सांगितले, तेव्हा त्याला स्पेलिंग नव्हते. ते आले जन्मदाखल्याच्या अर्जावर, इंग्रजी रकान्यात. तिथे कुणी PUJA लिहिते, कुणी POOJA. मुलगी मोठी होते, नोकरीच्या मुलाखती सुरू होतात, आणि मनासारखे घडत नसले की घरातले कुणीतरी अंकशास्त्राचा विषय काढते. PUJA या नावाचा अंक एका जाणकाराकडे तीन निघतो, दुसऱ्याकडे सात. दुसरा सुचवतो, यू काढून दोन ओ घाला, म्हणजे सहा येईल आणि मार्ग मोकळा होईल. तेच नवे स्पेलिंग घेऊन पहिल्याकडे परत जावे, तर त्याचे उत्तर पुन्हा तीनच.

बेरीज दोघांपैकी कुणाचीही चुकलेली नाही. दोघांसमोर दोन वेगळे तक्ते आहेत. एकाला पायथागोरियन म्हणतात, दुसऱ्याला खाल्डियन. इंग्रजी मुळाक्षरे तीच सव्वीस, पण कोणत्या अक्षराला कोणता अंक द्यायचा याबद्दल दोन्ही तक्त्यांचे फारसे जमत नाही. जन्मतारखेवरून काढलेल्या मूलांकाबाबत हा प्रश्न उद्भवत नाही. पंधरा तारखेला जन्मलेल्याचा मूलांक एक अधिक पाच, म्हणजे सहा, हे दोघांनाही मान्य असते. गोंधळ सुरू होतो तो नामांकापाशी, म्हणजे नावाच्या अक्षरांची बेरीज करू लागल्यावर.

पायथागोरियन तक्ता पाठ करावा लागत नाही. ए पासून आय पर्यंत एक ते नऊ मोजायचे, जे पासून पुन्हा एकपासून सुरुवात करायची आणि एस पासून तिसऱ्यांदा.

१ : A J S
२ : B K T
३ : C L U
४ : D M V
५ : E N W
६ : F O X
७ : G P Y
८ : H Q Z
९ : I R

खाल्डियन तक्ता मात्र पहिल्यांदा पाहणाऱ्याला विस्कटलेला वाटतो.

१ : A I J Q Y
२ : B K R
३ : C G L S
४ : D M T
५ : E H N X
६ : U V W
७ : O Z
८ : F P

इथे नऊची ओळच नाही. एकच्या ओळीत पाच अक्षरे आहेत आणि आठच्या ओळीत दोनच.

आता पूजाचा हिशेब करता येतो. पायथागोरियन तक्त्यात P चे ७, U चे ३, J चा १ आणि A चा १, एकूण १२. एक आणि दोन मिळून तीन. खाल्डियन तक्त्यात P चे ८, U चे ६, मग १ आणि १, एकूण १६. एक आणि सहा मिळून सात. स्पेलिंग POOJA केले की पायथागोरियन बेरीज ७ + ६ + ६ + १ + १ अशी २१ होते, म्हणजे परत तीन. खाल्डियन बेरीज ८ + ७ + ७ + १ + १ अशी २४ होते, म्हणजे सहा. पहिल्याचा अंक हलला नाही आणि दुसऱ्याचा हलला, तो का, हे या आकड्यांतच दिसते. पायथागोरियनमध्ये यू तीनचा आणि दोन ओ बाराचे, म्हणजे तेही शेवटी तीनचेच. खाल्डियनमध्ये यू सहाचा, पण दोन ओ चौदाचे, म्हणजे पाचचे. त्यामुळे ज्या कुठल्या नावात यू च्या जागी दोन ओ येतील, तिथे पायथागोरियन अंक आहे तसाच राहील आणि खाल्डियन अंक एकाने खाली येईल.

दीर्घ ‘ई’च्या बाबतीत नेमके उलटे होते. ANITA आणि ANEETA ही दोन्ही स्पेलिंग महाराष्ट्रात सर्रास दिसतात. पायथागोरियन पद्धतीत ANITA ची बेरीज १८, म्हणजे नऊ. ANEETA ची १९, म्हणजे एक. खाल्डियन पद्धतीत पहिलीची बेरीज १२ आणि दुसरीची २१. दोन्हींचा शेवट तीनवर. कारण तिथे आय एकचा आहे, आणि दोन ई दहाचे, म्हणजे तेही एकचेच. नावात आय काढून दोन ई घालण्याचा सल्ला देणाऱ्याने आपला तक्ता कोणता ते सांगितले नाही, तर त्या बदलाने अंक बदलला की नाही हेसुद्धा कळत नाही.

ही तफावत नेमकी कुठून येते हे समजायला दोन्ही तक्त्यांचा जन्म पाहावा लागतो.

पायथागोरस हा इसवी सनपूर्व सहाव्या शतकातला ग्रीक विचारवंत. सामोस बेटावरचा, पुढे दक्षिण इटलीतल्या क्रोटोन नगरात स्थायिक झालेला. संख्या हे विश्वाचे मूळ आहे, असे त्याचे अनुयायी मानत. त्याने स्वतः लिहिलेले मात्र काहीही शिल्लक नाही, आणि आज त्याच्या नावाने चालणारा तक्ता त्याचा असणे शक्यच नाही. तो तक्ता इंग्रजीच्या सव्वीस अक्षरांवर उभा आहे. पायथागोरस ग्रीक होता आणि त्याच्या काळी या सव्वीसांपैकी जे, यू आणि डब्ल्यू ही अक्षरे स्वतंत्रपणे अस्तित्वातच नव्हती. युरोपात आय पासून जे आणि व्ही पासून यू ठामपणे वेगळे झाले ते सोळाव्या-सतराव्या शतकांत. जे दहाव्या जागी असल्याशिवाय के अकरावा होत नाही, आणि के अकरावा नसेल तर त्याला दोन मिळत नाहीत. म्हणजे जे पासून पुढचे सगळे अंक अलीकडच्या अक्षरक्रमावर अवलंबून आहेत.

ग्रीकांची स्वतःची अक्षरांची गणती होती. त्यांनी चोवीस अक्षरांत तीन जुनी अक्षरे मिळवून सत्तावीस चिन्हे केली. पहिल्या नऊंना एकक, पुढच्या नऊंना दशक आणि शेवटच्या नऊंना शतक दिले. अल्फा म्हणजे एक, आयोटा म्हणजे दहा, र्‍हो म्हणजे शंभर. नऊ-नऊच्या तीन ओळींची कल्पना तिथून आली, आणि ती इंग्रजी मुळाक्षरांवर बसवली गेली. नावाची ‘कंपने’ मोजण्याच्या आजच्या स्वरूपात हा विचार लोकांपर्यंत नेला तो विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या अटलांटिक सिटीत राहणाऱ्या एल. डाऊ बॅलिएट या लेखिकेने आणि तिच्यानंतरच्या अमेरिकी अभ्यासकांनी. पद्धतीचे नाव ग्रीक असले तरी तिची घडण अमेरिकी आहे.

खाल्डियन तक्त्याची गोष्ट जास्त रंजक आहे, आणि ती मराठी मुलुखाला स्पर्श करून जाते.

खाल्डियन म्हणजे आजच्या दक्षिण इराकमधले लोक. बॅबिलोनच्या शेवटच्या मोठ्या साम्राज्याशी त्यांचे नाव जोडले जाते. आकाशाचे निरीक्षण आणि ज्योतिष यांत त्यांची इतकी ख्याती होती की ग्रीक-रोमन जगात ‘खाल्डियन’ हा शब्द ज्योतिषी या अर्थानेच वापरला जाऊ लागला. पण बॅबिलोनची लिपी कीलाकार होती. ओल्या मातीच्या विटेवर बोरूने उमटवलेल्या त्या शेकडो खुणा बहुतेक अवयवांच्या किंवा पूर्ण शब्दांच्या होत्या. त्यांत ए, बी, सी नव्हतेच. नावाला अंक देण्याची हौस मात्र त्या प्रदेशात खरोखर होती. इसवी सनपूर्व आठव्या शतकात असीरियाचा राजा दुसरा सार्गोन याने खोरसाबादला नवी राजधानी बांधली, तेव्हा तटाची लांबी १६,२८३ हात ठेवली आणि हा आपल्या नावाचा अंक आहे असे शिलालेखात कोरून घेतले. तो अंक कोणत्या हिशेबाने आला हे अजून कुणाला खात्रीने उलगडलेले नाही. आजच्या तक्त्याने तो उलगडत नाही, एवढे नक्की.

मग हा विस्कटलेला तक्ता आला कुठून? त्याची किल्ली हिब्रू लिपीत आहे. हिब्रूत प्रत्येक अक्षराला ठरलेली किंमत असते आणि धार्मिक ग्रंथांतल्या शब्दांची बेरीज करण्याची जुनी परंपरा आहे. आलेफ एक, बेथ दोन, गिमेल तीन, दालेत चार, हे पाच, वाव सहा, झायिन सात. योद दहा, काफ वीस, लामेद तीस, मेम चाळीस, नून पन्नास. आयिन सत्तर, पे ऐंशी. कोफ शंभर, रेश दोनशे, शिन तीनशे, ताव चारशे. या किमतींमधली शून्ये काढून टाकायची आणि प्रत्येक हिब्रू अक्षराच्या जागी त्याच्याशी नाते असलेले इंग्रजी अक्षर ठेवायचे. आलेफचा ए एकचा, बेथचा बी दोनचा. वावमधून निघणारे यू, व्ही आणि डब्ल्यू तिन्ही सहाचे. योदच्या उच्चाराजवळचे आय, जे आणि वाय तिन्ही एकचे. झेड सातचा, आयिनच्या जागेवरचा ओ सातचा, पे मधले पी आणि एफ दोन्ही आठचे, कोफचा क्यू एकचा, रेशचा आर दोनचा, शिनचा एस तीनचा, तावचा टी चारचा. सी आणि जी दोन्ही तीनचे का, याचे उत्तरही मिळते. रोमन लोकांनी सी ला एक काना जोडूनच जी तयार केला होता. दोघांचे मूळ एकच. फक्त एक्स या हिशेबात बसत नाही.

विस्कटलेला दिसणारा तक्ता या नजरेने पाहिला की एकदम ओळीत येतो. ‘खाल्डियन’ असे त्याला म्हणत असले तरी त्याचा सांगाडा हिब्रू आहे.

आणि नऊचे कोडेही इथेच सुटते. हा तक्ता जगभर प्रसिद्ध केला तो किरोने. मूळ नाव विल्यम जॉन वॉर्नर, जन्म १८६६ साली आयर्लंडमध्ये, मृत्यू १९३६ साली हॉलिवूडमध्ये. तरुणपणी मुंबईला उतरल्यावर आपल्याला एक ब्राह्मण गुरू भेटला, त्याने आपल्याला कोकणातल्या त्याच्या गावी नेले आणि हस्तसामुद्रिकाचा एक प्राचीन ग्रंथ दाखवला, असे किरो सांगत असे. ही हकिकत त्याच्या स्वतःच्या तोंडची आहे आणि तिला दुसरा आधार नाही, पण मराठी घरांत किरोची पुस्तके आपुलकीने वाचली गेली त्यात तिचा वाटा असावा. अंकांवरचे त्याचे पुस्तक १९२६ साली आले. नऊ हा अंक ईश्वराच्या नावाशी जोडलेला असल्यामुळे प्राचीन जाणत्यांनी तो कोणत्याही अक्षराला दिला नाही, असे स्पष्टीकरण त्यात आहे, आणि आजही तेच सगळीकडे सांगितले जाते. हिब्रू अक्षरमाला मात्र नऊला टाळत नाही. तिथे तेत हे अक्षर नऊचे आहे आणि त्सादे नव्वदचे. पण तेत म्हणजे जड ‘त’ आणि त्सादे म्हणजे ‘त्स’. या दोन्हींसाठी इंग्रजीत स्वतंत्र अक्षर नाही. टी तर तावच्या चारवर आधीच बसला होता. त्यामुळे इंग्रजीत उतरताना नऊची ओळ रिकामी राहिली. पवित्रतेची कथा सुंदर असली तरी लिप्यंतराचे हे साधे कारण अधिक पटणारे आहे.

पायथागोरियन तक्त्यात नऊ आहे, आणि त्याचा एक परिणाम फारसा कुणी सांगत नाही. कोणत्याही बेरजेत नऊ मिळवले किंवा नऊ काढले, तरी अंकांची बेरीज करत एका आकड्यावर आल्यावर फरक पडत नाही. शाळेत गुणाकार तपासताना नऊ टाकून देत, त्याच नियमाने. या तक्त्यात नऊची अक्षरे दोन, आय आणि आर. म्हणजे या पद्धतीत एक आय किंवा एक आर आला-गेला तरी नामांक तोच राहतो. RAVI ची बेरीज ९ + १ + ४ + ९ म्हणजे २३, नामांक पाच. आर काढून AVI केले तर १४, नामांक पुन्हा पाच. रवी आणि अवी ही मराठीतली दोन स्वतंत्र नावे इथे एकाच अंकावर येतात. खाल्डियन तक्त्यात रवीची बेरीज १०, नामांक एक. अवीची बेरीज आठ. तिथे एकही अक्षर असे बिनवजनाचे नाही.

मराठी नावांपुरता आणखी एक फरक महत्त्वाचा आहे. ‘व’ लिहायचा कसा, व्ही ने की डब्ल्यू ने? वाघ, वाघमारे, वैद्य, विश्वास अशा नावांत दोन्ही चालते, आणि एकाच घरातल्या दोन भावांच्या दाखल्यांवर दोन तऱ्हा सापडतात. पायथागोरियनमध्ये व्ही चारचा आणि डब्ल्यू पाचचा, म्हणून भावाभावांच्या आडनावांचे अंक एकाने वेगळे होतात. खाल्डियनमध्ये दोन्ही सहाचे, कारण दोघांचा पूर्वज वाव एकच. उच्चाराला जवळ राहणे हा या तक्त्याचा गुण आहे असे त्याचे समर्थक म्हणतात, आणि ‘व’च्या बाबतीत ते खरे आहे. पूजाच्या दीर्घ ‘ऊ’च्या बाबतीत मात्र तेच टिकत नाही. उच्चार एकच असून PUJA आणि POOJA तिथे दोन अंक देतात.

मग दोन्ही पद्धती कधी जुळतात? ए, बी, सी, डी, ई, जे, के, एल, एम आणि एन या दहा अक्षरांना दोन्ही तक्त्यांत सारखेच अंक आहेत. उरलेल्या सोळांचे वेगळे. ज्या नावात फक्त त्या दहांपैकीच अक्षरे असतील, तिथे मतभेदाला जागाच उरत नाही. NEELA हे असे नाव आहे. दोन्हीकडे ५ + ५ + ५ + ३ + १, म्हणजे १९, नामांक एक. पण तेच नाव NILA लिहिले की आय आला आणि वाटा फुटल्या. पायथागोरियन बेरीज १८, म्हणजे नऊ. खाल्डियन बेरीज १०, म्हणजे एक.

कधी कधी वेगळी अक्षरे असूनही उत्तर जुळते. SACHIN ची पायथागोरियन बेरीज २७ आणि खाल्डियन १८, दोन्ही नऊवर येतात. एस आणि आय मुळे खाल्डियन पारडे तीनने वर गेले होते, एच मुळे तेवढेच खाली आले. पुढे TENDULKAR जोडले की जुळणी मोडते. पायथागोरियन एकूण ६१, नामांक सात. खाल्डियन एकूण ५०, नामांक पाच. शक्य उत्तरे नऊच असल्यामुळे साधारण नवातल्या एका नावाचे दोन्हीकडचे अंक योगायोगानेच जुळतील. आपल्या नावाचा अंक दोन्ही पद्धतींनी एकच आला म्हणजे काही पक्के ठरले, असे समजायला त्यामुळे आधार नाही.

इथवर प्रश्न फक्त अक्षरांच्या किमतीचा होता. निकाल वेगळे येण्याची दुसरी कारणे बेरीज झाल्यानंतर सुरू होतात, आणि ती समजायला एक सार्वजनिक उदाहरण घेणे बरे. तामिळनाडूच्या तेव्हाच्या नेत्या जयललिता यांनी २००१ साली आपल्या इंग्रजी नावाच्या शेवटी आणखी एक ए जोडला. अंकशास्त्रानुसार केलेला बदल म्हणून त्याची देशभर चर्चा झाली. JAYALALITHA ची खाल्डियन बेरीज २२ होते. एक ए वाढल्यावर २३. किरोच्या पद्धतीत शेवटच्या एकेरी आकड्याइतकेच महत्त्व या जोड संख्येला असते. त्याच्याकडे दहापासून बावन्नपर्यंतच्या संख्यांना स्वतंत्र अर्थ आहेत. बावीस ही भ्रमाची, दुसऱ्यांच्या चुकांमुळे गोत्यात येणाऱ्या माणसाची संख्या. तेवीस हा त्याच्या मते सिंहाचा राजतारा, यश आणि वरिष्ठांचा आधार देणारा. एका अक्षराने एवढा मोठा पालट त्या पद्धतीत खरोखर होतो.

पायथागोरियन पद्धतीत तेच नाव ३७ चे, म्हणजे दहा आणि मग एक. वाढीव ए धरल्यावर ३८, म्हणजे अकरा. इथे बहुतेक जाणकार थांबतात. अकरा, बावीस आणि तेहेतीस या संख्यांना ते ‘मास्टर नंबर’ म्हणतात आणि पुढे एका आकड्यावर आणत नाहीत. त्यांच्याकडे बावीस म्हणजे मोठी कामे उभारणारा थोर रचनाकार. किरोने ज्या संख्येपासून सावध केले, तीच संख्या अटलांटिकपलीकडच्या पद्धतीत भाग्याची ठरते. त्यामुळे समजा दोन्ही तक्त्यांनी कुणाच्या नावाची बेरीज बावीस काढली, तरीही फल उलटेच सांगितले जाईल.

आणि नाव मोजायचे कोणते? जयललिता यांच्या नावाआधी J हे आद्याक्षर लिहिले जात असे. ते धरले तर खाल्डियन बेरीज आधीच २३ होती आणि बदलानंतर २४ झाली. पायथागोरियन बेरीज आधी ३८, म्हणजे अकरा होती आणि नंतर ३९, म्हणजे तीन. आद्याक्षर धरले की ए जोडण्याचे सगळे फल फिरते. पायथागोरियन परंपरा जन्माच्या वेळी नोंदलेले पूर्ण नाव घेते. किरोच्या परंपरेत ज्या नावाने माणूस ओळखला जातो ते घेतात. मराठी माणसाच्या बाबतीत हा फरक आणखी वाढतो. जन्मदाखल्यावर नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव. घरात हाक मारायला बाळू, नंदू किंवा बेबी. लग्नानंतर काही घरांत बदललेले पहिले नाव आणि बहुतेक घरांत बदललेले मधले नाव. यातले प्रत्येक नाव वेगळी बेरीज देते.

प्रत्यक्षात सर्वांत जास्त गोंधळ होतो तो दोन्ही पद्धती मिसळल्यामुळे. अक्षरांच्या किमती सोप्या म्हणून पायथागोरियन तक्त्यातून घेतल्या जातात आणि जोड संख्यांचे अर्थ किरोच्या पुस्तकातून. तेवीस आले की राजतारा सांगितला जातो, पण ते तेवीस किरोच्या तक्त्यातले नसतेच. ही सरमिसळ ओळखायला एक प्रश्न पुरतो. एच ला किती धरले? आठ सांगितले तर तक्ता पायथागोरियन आहे, पाच सांगितले तर खाल्डियन. मग फल सांगताना सोळा, चोवीस, सदतीस अशा संख्यांचे स्वतंत्र अर्थ आणि ग्रह येऊ लागले, तर ते किरोच्या बाजूचे. तक्ता एकीकडचा आणि अर्थ दुसरीकडचे असतील, तर ते उत्तर दोन्हीपैकी कोणत्याच परंपरेचे नाही.

अक्षरांना अंक देण्याची भारताची स्वतःचीही एक रीत आहे, आणि या चर्चेत तिची आठवण व्हायला हवी. कटपयादी पद्धतीत क, ट, प आणि य या चारही अक्षरांपासून एक, दोन, तीन असे मोजत जातात. स्वराला किंमत नसते आणि संख्या उजवीकडून डावीकडे वाचतात. खगोल-गणिताचे लांबलचक आकडे श्लोकात गुंफून पाठ ठेवण्यासाठी ती वापरत. कर्नाटक संगीतातल्या मेळांची नावेही याच हिशेबाने बेतलेली आहेत. धीरशंकराभरणम् या नावातला ‘धी’ नऊचा आणि ‘र’ दोनचा. उलटे वाचले की २९, आणि तो एकोणतिसावा मेळ आहे. या रीतीने पूजामधला ‘प’ एकचा आणि ‘ज’ आठचा, उलट वाचून ८१. ऱ्हस्व-दीर्घाचा फरक इथे पडत नाही, स्पेलिंगचा तर प्रश्नच नाही. पण या पद्धतीत शब्दातून संख्या आठवायची असते. माणसाचे भविष्य त्यातून वाचायचे, असा तिचा हेतू नव्हता.

खाल्डियन खरे की पायथागोरियन, या वादाचा निकाल गणिताने लागत नाही, कारण दोन्हींची बेरीज आपापल्या तक्त्यापुरती बरोबर आहे. ‘जास्त प्राचीन’ या निकषानेही लागत नाही, कारण दोन्ही तक्ते आजच्या रूपात इंग्रजी मुळाक्षरांसाठी जुळवलेले आहेत. एकाने ग्रीकांची नऊ-नऊची मांडणी घेतली, दुसऱ्याने हिब्रू अक्षरांच्या किमती घेतल्या. पूजा, अनिता किंवा रवी या उच्चारांशी दोघांचाही थेट संबंध नाही. दोघेही मोजतात ते लिपिकाने किंवा वडिलांनी त्या दिवशी अर्जावर लिहिलेले स्पेलिंग. कोणत्या स्पेलिंगने माणसाचे आयुष्य बदलते हे सिद्ध करणारा पुरावा यांपैकी एकाही पद्धतीकडे नाही.

स्पेलिंग बदलण्याचा त्रास मात्र खरा असतो. दहावीच्या प्रमाणपत्रावर PUJA, पासपोर्टवर POOJA आणि बँकेत तिसरेच काही असले, की परदेशी शिक्षणाचा अर्ज किंवा वारसाची नोंद अडते. महाराष्ट्रात नावातला बदल शासनाच्या राजपत्रात प्रसिद्ध करून घ्यावा लागतो, आणि आधार कार्डावर नाव बदलण्याची मुभा सर्वसाधारणपणे आयुष्यात दोनदाच मिळते. म्हणून एखादे अक्षर घालण्या-काढण्याचा सल्ला मिळाला, तर राजपत्राचा अर्ज भरण्याआधी वरचे दोन तक्ते समोर ठेवा, दोन्ही बेरजा कागदावर स्वतः करून पाहा, आणि सल्ला देणाऱ्याला एच ला किती धरले ते विचारा.